दुसरं कडवं भरतीचं नाही

*एका वाचकाची प्रतिक्रिया:* «तुमचं ‘गणवेश’ ऐकलं आणि त्यावरचा लेखही वाचला. दुसरं कडवं निव्वळ भरतीचं आहे, पहिल्यानंतर थेट तिसरं गायलं तरी गोष्ट कळते. शेवटचा धक्का श्रोत्याला फसवून मिळवलेला आहे. तिन्ही कडव्यांना एकच चाल, मधलं संगीत लांबलेलं. आधी गाणं लिहायला शिका, मग लेख लिहा.»

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाचून बाकीचं वाचायची इच्छाच उरली नाही. मत पटलं नाही तर तसं म्हणा, पण ‘शिका’ हे सांगण्याची रीत असते. गावच्या कलापथकात मी कॉलेजात असल्यापासून गातोय. कथागीत मांडवात कुठे पडतं आणि कुठे उचललं जातं, ते मी समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. आपण किती गाणी लोकांसमोर उभं राहून म्हटली आहेत, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

मधलं संगीत लांबलं, हे मान्य. दुसऱ्या कडव्याआधीचा पेटीचा तुकडा निम्म्याने कमी करता येईल आणि करणार आहे.

आता ‘भरतीचं’ या शब्दाबद्दल. ज्यांनी गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. ती शिंप्याच्या तोंडून येते. पहिल्या कडव्यात जून महिना, दुकानात गर्दी, एक बाई खाकी कापड घेऊन येते. मुलगा सोबत नाही. ती आपल्या कमरेशी तळहात धरून त्याची उंची दाखवते आणि म्हणते, ‘दोन बोटं माया ठेवा, पोर वाढीला लागलंय.’ हेच ध्रुवपद. दुसऱ्या कडव्यात पुढच्या वर्षीचा जून, तीच बाई, हात चार बोटं वर. शिंपी म्हणतो, पोराला एकदा घेऊन या, नीट माप घेतो. ती म्हणते, खेळायला गेलाय. पुन्हा ध्रुवपद. तिसऱ्यात ती नवं कापड आणत नाही. आधीच्या दोन्ही चड्ड्या उसवून लांब करून मागते. शिंपी तळ उसवतो, तर आत दुमडीसाठी त्यानेच मारलेली खडूची रेघ जशीच्या तशी, दोन्ही चड्ड्यांवर. मग ध्रुवपद येतं, पण या वेळी ते शिंपी म्हणतो.

खडूचं आधी सांगतो. माझे वडील शिंपीकाम करत. कापडावरचा खडू पहिल्या धुण्यात जातो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, त्यांच्या मशीनशेजारी बसून पाहिलेलं आहे. रेघ शिल्लक याचा अर्थ ती चड्डी एकदाही पाण्यात गेली नाही, म्हणजे कुणी घातलीच नाही.

आता तुम्ही सांगता तसं करून पाहा, दुसरं कडवं काढून टाका. बाई एकच चड्डी घेऊन येईल आणि एकाच चड्डीवर खडू दिसेल. ऐकणारा काय समजेल? पोर आजारी पडलं असेल, मामाकडे शिकायला गेलं असेल, शाळेने गणवेश बदलला असेल. एक न वापरलेला कपडा कशामुळेही पडून राहू शकतो. दोन वर्षं लागोपाठ, वाढत्या मापाचे, दोन्ही कोरे, असं झालं की दुसरा अर्थ निघायला जागा राहत नाही. हा दुसरा कपडा दुसऱ्या कडव्यात शिवला जातो. ‘गोष्ट कळते’ असं तुम्ही म्हणता, कारण तुम्ही गाणं पूर्ण ऐकल्यावर मनातल्या मनात कडवं वगळून पाहिलंत. ज्याने ते कधीच ऐकलेलं नाही, अशा माणसाला दोनच कडवी म्हणून दाखवा. मी दाखवली आहेत. ‘मग मुलाचं काय झालं?’ असा प्रश्न येतो, आणि हा प्रश्न आला की गाणं वाया गेलं.

दुसऱ्या कडव्याचं आणखी एक काम असतं, ते गतीचं. पहिल्या कडव्यात ऐकणाऱ्याला माणसं, जागा, वेळ सगळं नवं असतं, म्हणून तिथे ओळी सावकाश टाकाव्या लागतात. दुसऱ्यात दुकान ओळखीचं झालेलं असतं. म्हणून मी तिथे अख्खं वर्ष पहिल्याच ओळीत ओलांडलं आणि बाकी कडवं त्या एका बदललेल्या हाताला दिलं. एकदा घडलं तो प्रसंग, पुन्हा तसंच घडलं की ऐकणारा तिसऱ्यांदाही तेच होणार असं धरून बसतो. हे धरून बसणं तयार झालं नाही तर तिसऱ्यात मोडायला काही नसतं. तुम्हाला तिथे ‘काही घडत नाही’सं वाटलं, ते त्यासाठीच आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. गदिमांचं ‘एका तळ्यात होती’ घ्या, लहानपणापासून तोंडपाठ असेल. त्यातही तीनच कडवी. पहिल्यात लोक बोट दाखवून हसतात. दुसऱ्यात पिल्लू स्वतःशी रडतं, जो तो त्याला टोचतो, धाक दाखवतो. वरवर पाहिलं तर तीच अवहेलना दोनदा, म्हणजे तुमच्या हिशेबाने भरतीच. पण तिसऱ्यात त्याचं भय वाऱ्यासवे पळतं. ते भय आलं कुठून? दुसऱ्या कडव्यातल्या धाकातून. दुसरं काढा, पळायला भयच उरत नाही. आणि कलाटणी कशी पेरली आहे तेही बघा. तिसऱ्याच्या पहिल्याच ओळीत ‘परंतु’ येतं, म्हणजे काहीतरी बदलणार हे उघड सांगून टाकलं. त्यानंतर आधी परिणाम, मग पाण्यात चोरून पाहणं, आणि ‘राजहंस’ शेवटच्या ओळीत, तेही ध्रुवपदाच्या जागेवर. जिथे दर वेळी ‘कुरूप वेडे’ ऐकू आलं तिथेच.

मी खडूची रेघ ध्रुवपदाच्या लगेच आधीच्या ओळीत ठेवली ती याच कारणाने. कडव्याच्या सुरुवातीला ठेवली असती तर उरलेल्या ओळी नुसतं स्पष्टीकरण झाल्या असत्या. ध्रुवपदानंतर ठेवली असती तर तोवर लोक टाळ्यांच्या तयारीत असतात, अर्धे शब्द ऐकूच जात नाहीत.

फसवणुकीचा आरोप मात्र मी मनावर घेतला आहे. गाणं पुन्हा ऐका आणि शिंप्याच्या तोंडचं एक तरी वाक्य खोटं निघालं तर दाखवा. तो पाहिलं तेवढंच सांगतो. ‘खेळायला गेलाय’ हे बाईचं बोलणं आहे, आणि पात्राला खोटं बोलायचा हक्क असतो, निवेदकाला नसतो. हीच ओळ मी शिंप्याच्या तोंडी घातली असती तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. मुलगा दुकानात कधीच येत नाही, हे तर पहिल्या कडव्यातच समोर ठेवलेलं आहे. ते तुमच्या लक्षात आलं नाही, याला फसवणूक म्हणत नाहीत.

एकच चाल, याबद्दल काय बोलायचं? ध्रुवपदाचा अर्थ बदलायचा असेल तर सूर तोच राहावा लागतो, नाहीतर बदल शब्दांनी केला की चालीने, हे कळत नाही. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

पेटीचा तुकडा कापून नवं ध्वनिमुद्रण या महिन्यात टाकतो. कडवी तीनच राहतील. पुढची प्रतिक्रिया ते ऐकून द्या, आणि भाषा थोडी सांभाळून.