एजंटच्या मेमरीवरच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

"एआय एजंटला आता माणसासारखी मेमरी आलीय, एकदा शिकवलं की सवयच लागते."

आपल्यासाठी कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामबद्दल, म्हणजे एजंटबद्दल, हे जे फोंड्याच्या आपल्या ग्रुपवर फिरतंय ते बरोबर नाही. 1953 मध्ये हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि नवे प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनात, तरी मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तेव्हा हात दिवसागणिक सुधारला, आधी कधी हे केलंय ते मात्र आठवेना. माणसात सवय अशी आठवणींपेक्षा वेगळी साठते. एजंटमध्ये मात्र बहुतेकदा जुनं बोलणं, माहिती, कामाच्या पायऱ्या, सगळा साठवलेला मजकूरच, तो दरवेळी नव्याने वाचला जातो, एजंटमागचं एआय मॉडेल आतून बदलत नाही. एजंटला बिल करायला शिकवलं असेल तर पायऱ्यांची फाइल काढून टाका नि तेच बिल पुन्हा करायला सांगा, तुमची पद्धत गायब. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.