‘एमडीची सही असली की झालं’? सहीचं वाक्य पूर्ण वाचा

“इराणी कंपनीच्या नोंदणी उताऱ्याला अनुवादक कशाला? सहामी खास म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, सरमाये म्हणजे कंपनीकडे जमा असलेला पैसा, मोदीर-ए-आमेल म्हणजे एमडी. एमडीची सही असली की झालं.”

हा मेसेज माझ्या भाच्याने मला पाठवला. तो वाशीला खजूर आयात करतो आणि याच भरवशावर आगाऊ रक्कम पाठवायला निघाला होता. विक्रेत्याचा उतारा मी मागवून घेतला.

आधी शेवटचा मुद्दा, कारण पैसे बुडतात ते तिथे. इराणच्या राजपत्रात छापलेल्या त्या उताऱ्यात सहीचं वाक्य असं होतं: चेक, हुंड्या, करार असे कंपनीला बांधणारे सर्व कागद मोदीर-ए-आमेल आणि संचालक मंडळाचे अध्यक्ष यांच्या सहीने ‘मोत्तफेगन’, कंपनीच्या शिक्क्यासह ग्राह्य. मोत्तफेगन म्हणजे दोघांनी मिळून, इंग्रजीत ‘जॉइंटली’. त्या जागी ‘मोनफरेदन’ असतं तर कुणाही एकाची सही चालली असती. हा एक शब्द अनुवादात गळला की वाक्याचा अर्थच उलटतो. भाच्याच्या करारावर सही होती एकट्या एमडीची.

मोदीर-ए-आमेल म्हणजे एमडी हे खरं आहे, आणि साधी पत्रं त्याच्या एकट्याच्या सहीने चालतात असंही त्याच उताऱ्यात पुढे लिहिलेलं आहे. पण हुद्दा म्हणजे अखत्यार नव्हे. इराणच्या व्यापार कायद्यात 1969 साली जी दुरुस्ती झाली, तिचं कलम 125 स्पष्ट सांगतं: संचालक मंडळाने जेवढे अधिकार सोपवले, तेवढ्याच मर्यादेत तो कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि तेवढ्यातच त्याला सहीचा हक्क असतो.

सरमाये म्हणजे भांडवल, आणि त्याबद्दलचं मेसेजमधलं म्हणणं तर धडधडीत चुकीचं आहे. उताऱ्यात लिहिलं होतं: भांडवल 10,00,000 रियाल, 10,000 रियालचे 100 शेअर, पैकी 3,50,000 बँकेत भरले, ‘अल्बाकी’ भागधारकांच्या ‘तअह्होद’मध्ये. म्हणजे उरलेले 6,50,000 भरण्याची त्यांनी नुसती हमी दिली आहे. स्थापनेच्या वेळी रोख भांडवलाचे किमान 35 टक्के भरले की कायद्याला पुरतं. इंग्रजीत ‘पेड-अप’ आणि न भरलेली रक्कम वेगवेगळी दाखवायलाच हवी. शेअर ‘बा-नाम’, म्हणजे मालकाच्या नावाने नोंदलेले, असले तर ‘रजिस्टर्ड’ लिहायचं, ‘नॉमिनल’ नाही. रक्कम रियालमध्येच ठेवायची, इराणी लोक बोलताना दहा रियालला एक तोमान म्हणतात, त्या तोमानात करायला जायचं नाही.

राहिला कंपनीचा प्रकार. आपल्या प्रायव्हेट लिमिटेडशी सहामी खासचं साम्य आहे, एवढं मान्य. पण इराणात ‘बा मसऊलियत-ए-महदूद’, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, हा निराळा प्रकार आहे. ‘लिमिटेड’ लिहिलं की वाचणारा तोच समजतो. आपल्याला मराठीतला ‘खास’ आठवतो, म्हणून काहीजण ‘स्पेशल’ही लिहितात. इथे खास म्हणजे खासगी. ‘प्रायव्हेट जॉइंट स्टॉक कंपनी’ लिहा आणि पुढे मूळ फारसी नाव ठेवा.

भाच्याने रक्कम थांबवली आणि अध्यक्षांची सही व शिक्का मागितला. आठव्या दिवशी दोन्ही असलेला करार आला, मग त्याने पैसे पाठवले.