सगळंच पी-वन, मग पी-वन म्हणजे काय डोंबल?

शनिवारी संध्याकाळी बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटाला अडकलो होतो. पाऊस, पुढं टेम्पो, मागं हॉर्न, आणि खिशात फोन थरथराय लागला. पी-वन, म्हणजे आमच्या आयटी सपोर्टला येणारी सगळ्यात तातडीची तक्रार. गाडीवरच हेल्मेट वर करून बघितलं, तर तिकीट स्टोअर्सचं: "प्रिंट फिकट येते. URGENT!!! लगू माड्री." तीन उद्गारचिन्हं! पंधरा मिनिटांत उत्तर द्यायचं, नाहीतर ठरल्या वेळेचा एसएलए लाल. टोनर काढून दोनदा हलवला असता तर सोमवारपर्यंत चालला असता की ओ.

बरं, हेही सोसलं असतं. घरी जाऊन लॅपटॉप उघडला. तेवीस तिकिटं उघडी, त्यातली एकोणीस पी-वन. एकाचा पासवर्ड विसरलेला, एकाला एक्सेलचा कॉलम रुंद करून हवा, एकानं नुसतंच "कॉल मी" लिहिलेलं. आणि वरून चौदाव्या नंबरला, डिस्पॅचचं एका ओळीचं तिकीट: "ई-वे बिल निघत नाही." ना उद्गारचिन्ह, ना प्लँट हेड सीसीमध्ये. पन्नास मिनिटं पडून होतं बिचारं. कास्टिंग भरलेले तीन ट्रक गेटाच्या आत उभे. माल पन्नास हजारांच्या वरचा, जायचं कोल्हापूरला, म्हणजे राज्याची हद्द ओलांडायची. बिलाशिवाय गाडी हलवणार कोण?

सर्व्हरवर `df -h` मारलं. डिस्क 100%. जुन्या लॉग फायलींनी गच्च. त्या हलवल्या, सर्व्हिस परत सुरू केली, सहा मिनिटांत बिल निघालं. सहा मिनिटांचं काम पन्नास मिनिटं थांबलं, कारण त्याच्या डोक्यावर फिकट प्रिंट बसली होती.

मागच्या वर्षी यावर उपाय म्हणून साहेबांनी पी-झिरो काढला. "खरंखुरं अर्जंट" त्यात टाकायचं. दोन महिन्यांत पी-झिरोतही टोनर आला. आता पी-मायनस-वन काढा! तिकीट टाकून चार मिनिटांत व्हॉट्सॲपवर "झालं का?" विचारणारे तर वेगळेच. आणि "दोन मिनिटांचं काम आहे तुमचं" म्हणणारे. दोन मिनिटांचं असेल तर करा की तुम्हीच.

आता एवढं बोंबलून झाल्यावर कबूल करतो, ही सवय आम्हीच लावली. फॉर्मवर चार पर्यायांची यादी आम्ही दिली आणि निवडायचं काम मागणाऱ्यावर सोडलं. पी-थ्री टाकलं तर आठवडाभर कुणी ढुंकून बघत नाही, हे त्या स्टोअर्सवाल्याला अनुभवानं कळलंय. मग तो पी-वन टाकणार नाही तर काय? तो खोटारडा नाही, हुशार आहे.

म्हणून सोमवारी ती यादीच काढून टाकली. आता फॉर्म तीनच गोष्टी विचारतो: किती जणांचं काम थांबलंय, दुसरी काही वाट आहे का, आणि किती वेळ थांबता येईल. लेव्हल त्यावरून आम्ही ठरवतो. ई-वे बिल: सगळं डिस्पॅच बंद, वाट नाही, ट्रक आत्ता उभे, पी-वन. फिकट प्रिंट: एक माणूस, शेजारच्या खोलीत दुसरा प्रिंटर, पी-थ्री. पी-वन फक्त फोनवर घेतो, आणि फोन करणाऱ्यानं काम सुटेपर्यंत लाइनवर थांबायचं. कॉलम रुंद करायला अर्धा तास फोन कानाला लावून बसायची कुणाचीच तयारी नसते.

पण खरी मेख पी-थ्रीत आहे. रोज सकाळी दहा ते बारा एक पोरगा फक्त जुनी पी-थ्री उपसतो, जुन्यातलं जुनं आधी. त्याला त्या वेळात दुसरीकडं ओढायचं नाही. अपवाद फक्त खऱ्या पी-वनचा. "उद्या दुपारपर्यंत" म्हटलं की उद्या दुपारपर्यंत व्हायलाच पाहिजे. हा शब्द दोनदा मोडला की तिसऱ्यांदा फोन वाजणारच. शुक्रवारी आठवड्यातली पी-वन काढून वाचतो. शंभरात पाचाच्या वर गेली तर आमची चाळणी ढिली झाली, असं मी धरतो. नियम माझा, पुस्तकातला नव्हे.

पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या, मराठीत आणि कन्नडमध्येही. एका मॅनेजरांनी विचारलं, "माझं काम लहान वाटतंय होय तुम्हाला?" लेव्हल म्हणजे मानाचं पान समजतात लोक.

आणि माझं काय? खुर्चीचं चाक तुटलं म्हणून मी ॲडमिनकडं तिकीट टाकलं होतं. पी-वन. कंबर दुखत होती ओ. ॲडमिनच्या मॅडमनी आमच्याच फॉर्मची नक्कल मारलीय, त्यांनी परत पाठवलं: किती जणांचं काम थांबलंय? दुसरी खुर्ची आहे का? मी लिहिलं, एक, आणि आहे. पी-फोर आला. सध्या कॅन्टीनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे टाइप करतोय.