दुःखी मित्राला दहा मिनिटांत गप्प कसं करावं

संध्याकाळी सातला मित्राचा फोन येतो, "तलावपाळीला येतोस का?" आवाज बसलेला. घाबरू नका. फुकट सल्ला द्यायची इतकी चांगली संधी वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच चालून येते.

तुम्ही पोहोचता तेव्हा तो कठड्यावर बसलेला असतो. हातात चण्याची पुडी. चणे तसेच आहेत, पुडीचा कागद मात्र कडेकडेने कुरतडून झालाय. "प्रमोशन गेलं रे. ज्याला मी हाताला धरून काम शिकवलं, त्याला दिलं." एवढं बोलून तो थांबतो.

ही जागा नीट ओळखा. अनाडी माणूस इथे गप्प राहतो आणि मग समोरचा आणखी बोलू लागतो. तुम्ही ताबडतोब 'निदान' काढा. "निदान नोकरी तरी आहे ना!" पाठोपाठ "एवढं काय मनाला लावून घेतोस" आलंच पाहिजे. म्हणजे दुःख तर आहेच, वर ते करायचीही आपल्याला अक्कल नाही, हे त्याला कळतं.

पर्ड्यू विद्यापीठातले ब्रँट बर्लसन नावाचे प्राध्यापक धीर देणाऱ्या बोलण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते. भावना खोडून काढणारं वाक्य सगळ्यात कुचकामी, आणि 'तुला असं वाटणं साहजिक आहे' म्हणत माणसाला त्याबद्दल आणखी बोलू देणारं सगळ्यात उपयोगी, असं त्यांच्या कामातून दिसतं. असेल. पण त्यांना घोडबंदरला घरी जायचं नव्हतं.

तर पुढे. आता गाडी स्वतःकडे वळवा. "माझं 2016 साली काय झालं, तुला माहितीये?" त्याला माहीत असतं, तरी सांगा. साधारण पाचव्या मिनिटाला तोच "हो ना, तुझ्यावर अन्यायच झाला" म्हणू लागतो. यालाच एकमेकांना आधार देणं म्हणतात.

मग चौकशी. प्रश्न 'का'ने सुरू करा. "तू साहेबांना आधीच का नाही विचारलंस?" 'काय झालं?' विचारलं तर माणूस हकिगत सांगतो, 'का नाही केलंस?' विचारलं की सफाई देतो, आणि सफाई लवकर आटपते. ती आटपली की तुमची योजना: रेझ्युमे, लिंक्डइन, तुमच्या मेव्हण्याच्या ऑफिसातली जागा.

उपाय लागू पडल्याची खूण अगदी स्पष्ट असते. तो म्हणतो, "हो रे, बरोबर आहे तुझं." मग मोबाईल बघतो. मग, "चल, निघूया, ट्रॅफिक लागेल."

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला मात्र हे शास्त्र अजिबात जमत नाही. दोन दिवसांनी त्याच कठड्यावर आम्ही तिघं होतो. तिने त्याचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तूच शिकवलेल्याला दिलं? मग तर जास्तच लागलं असेल रे." झालं, बंद पडत आलेला नळ परत सोडला! वर विचारते, "आत्ता मी नुसतं ऐकू, की काय करता येईल ते बघूया?"

तो म्हणाला, "माहीत नाही."

आता तरी मेव्हण्याची जागा सुचवावी की नाही? ती म्हणाली, "बरं. मग बसूया." आणि खरंच बसली. मी तोंड उघडलं, तर माझ्या हातात भेळेचा द्रोण दिला. तळ्यात बोटी फिरत होत्या. मला वाटतं तीनचार मिनिटं गेली असतील, मला तास वाटला.

मग तो तळ्याकडे बघतच म्हणाला, "आईने पेढे वाटले गं. पत्र हातात यायच्या आधीच मी घरी सांगून बसलो. तिने सगळ्या मजल्यांवर वाटले. तिला अजून सांगितलं नाहीये."

म्हणजे मी ज्या प्रश्नावर रेझ्युमेसकट उत्तर दिलं होतं, तो प्रश्नच नव्हता. पण यात माझी चूक कशी? त्याने आधी सांगायला नको?

ती तरीही सल्ला देईना. "रोज घरी जाताना जिन्यात कोणी भेटलं की कसं होत असेल तुला!" एवढंच. त्यावर तो बराच वेळ बोलला. शेवटी त्यानेच विचारलं, "तू काय केलं असतंस?" तेव्हा कुठे बाईसाहेबांनी तोंड उघडलं, "मी आजच सांगितलं असतं. मी येऊ का सोबत, की एकट्याने बोलायचंय?" परत प्रश्नच!

अख्खी संध्याकाळ गेली आणि सल्ला किती, तर एका ओळीचा. चणे मात्र त्याने संपवले.

तुम्ही माझ्याच पद्धतीने जा. निघताना "काही लागलं तर सांग हं" म्हणायला विसरू नका. काय लागेल ते शोधायचं काम त्यामुळे त्याच्याकडे जातं. मी दर वेळी म्हणतो. त्यानंतर त्याचा मला एकदाही फोन आलेला नाही, म्हणजे आता बरा असणार.