शनिवार-रविवारचा ओझोन आणि धुराची निर्दोषता

«लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी ट्रक कमी धावतात, तरी ओझोन वाढतो. म्हणजे धुराने ओझोन होत नाही, उलट धूरच ओझोन खातो. आणि ओझोन तर आपले उन्हापासून रक्षण करतो, मग वाढला तर बिघडले काय?»

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. रक्षण करणारा ओझोन जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात असतो. रेणू तोच असला, तरी श्वासात गेला की तो फुप्फुसांना इजा करतो. म्हणूनच भारतातही आठ तासांच्या सरासरीसाठी दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे.

धूर ओझोन खातो, हे विधान खोटे नाही, अर्धे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांपैकी बहुतांश नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे NO, असते आणि ते ओझोनवर लगेच तुटून पडते. मात्र त्या क्रियेत नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे NO2, तयार होतो आणि उन्हात तोच पुन्हा ओझोनला जन्म देतो:

```
NO2 + प्रकाश → NO + O
O + O2 → O3
O3 + NO → NO2 + O2
```

समजा, हवेत ८० पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत ८० भाग, ओझोन आहे आणि तिच्यात ३० पीपीबी NO मिसळला. थोड्याच वेळात ओझोन ५० आणि NO2 ३० पीपीबी होईल. ओझोनचा आकडा घसरला, पण दोहोंची बेरीज ८०च राहिली. त्यामुळे रस्त्याकडेच्या केंद्रावर कमी ओझोन दिसला, तर शेजारचा NO2चा आकडा पाहिल्याशिवाय हवा सुधारली असे म्हणता येत नाही. लॉस एंजेलिसमध्ये सकाळच्या गर्दीत NO वाढतो, मग NO2, आणि दुपारी समुद्रावरचा वारा तीच हवा पूर्वेला रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोकडे ढकलतो. वर उबदार हवेचे झाकण आणि पलीकडे डोंगर असल्याने ती तिथे कोंडते. शहराच्या मध्यापेक्षा या पूर्वेकडच्या भागात ओझोन जास्त आढळतो, त्याचे कारण हेच.

वरच्या तीन क्रिया एवढाच मामला असता, तर ओझोन फारसा साठलाच नसता, कारण जितका बनतो तितका NO त्याला संपवतो. हे चक्र मोडतात ती बाष्पनशील सेंद्रिय संयुगे: पेट्रोलची वाफ, अर्धवट जळलेले इंधन, रंगांतले द्रावक. हवेतले हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे OH हा अतिशय क्रियाशील रेणुखंड, त्यांच्यावर हल्ला करते आणि त्यातून पेरॉक्सी मूलके तयार होतात. ही मूलके ओझोन न खर्चता NOचे NO2 करतात, शिवाय OH परत हवेत येते. NO2ला ओझोनची किंमत न मोजता जन्म मिळाला की ओझोन साठू लागतो. कॅलटेकमधील रसायनज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचे मिश्रण उजेडात ठेवून ओझोन बनवून दाखवला. ओझोन मोजायला त्यांच्याकडे एक साधी युक्तीही होती: वाकवून ताणलेल्या रबराला ओझोनमुळे किती वेळात भेगा पडतात, ते पाहायचे. त्याआधी शहराने १९४३ साली एका ब्युटाडाइन कारखान्यावर ठपका ठेवला होता. तो थांबवूनही धुरके हटले नाही.

आता शनिवार-रविवार. नायट्रोजन ऑक्साइडांचा मोठा वाटा डिझेल ट्रकांचा असतो आणि ट्रक कमी झाले की त्यांची मात्रा खूप घटते. मोटारी मात्र धावतच असतात, त्यामुळे सेंद्रिय संयुगे त्या मानाने कमी होत नाहीत. म्हणजे हा धुराविना झालेला प्रयोग नव्हेच, फक्त धुरातले प्रमाण बदललेले असते. हवेत नायट्रोजन ऑक्साइडे अति झाली की NO2 स्वतःच OHला पकडून नायट्रिक आम्ल बनवतो आणि सेंद्रिय संयुगांना OH पुरत नाही, म्हणून ओझोननिर्मिती मंदावते. अशा अवस्थेत नायट्रोजन ऑक्साइडे थोडी घटवली की OH मोकळे होते, शिवाय ओझोन खाणारा NOही कमी पडतो, आणि ओझोन वाढतो. ती आणखी घटवत नेली, तर एका टप्प्यानंतर NO2च अपुरा पडतो आणि ओझोन उतरू लागतो. सेंद्रिय संयुगे घटवली, तर ओझोन पहिल्या अवस्थेतही उतरतो.

हा अंदाज नुसता कागदावर राहिलेला नाही. वाहनांवर उत्प्रेरक यंत्रणा आल्या, पेट्रोलच्या वाफेवर बंधने आली आणि १९५०च्या दशकात ०.५ पीपीएम, म्हणजे ५०० पीपीबीपलीकडे जाणारे तिथले ओझोनचे उच्चांक पुढे काही पटींनी खाली आले. ट्रकांचा धूरही घटत गेला, तसा शनिवार-रविवार आणि इतर दिवसांतला हा उलटा फरक पूर्वेकडच्या भागात ओसरत गेला. धूर ओझोनचा निव्वळ शत्रू असता, तर याच्या नेमके उलट घडायला हवे होते.