ड्रायव्हर माजलेला नसतो, त्याला तुम्ही दिसतच नसता

आज संध्याकाळी सिंहगड रोडवर सिग्नलला बस उभी होती. डावा इंडिकेटर चालू. बस आणि फूटपाथ यांच्यामध्ये जेमतेम अडीच-तीन फुटांची फट, आणि त्या फटीत पुढच्या चाकाला अगदी खेटून एक मुलगी स्कूटरवर. दोन्ही आरसे आत दुमडलेले. बहुधा गर्दीतून घुसताना अडतात म्हणून. सिग्नल सुटला, बस आधी जराशी उजवीकडे झाली आणि मग डावीकडे वळायला लागली. ती मुलगी कशीबशी फूटपाथवर चढली, गाडी आडवी झाली, गुडघा फुटला. बाकी काही नाही, नशीब. दोन मिनिटांत वीस माणसं गोळा झाली आणि सगळ्यांचं एकच सुरू झालं, "माजलेत हे बसवाले, खाली ओढा त्याला."

तो ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "ताई, मला दिसलीच नाही हो ती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कुणीही ऐकून घेत नव्हतं. माझं डोकं तेव्हापासून तापलंय, म्हणून हे लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

तो खरं बोलत होता. हे मी इतकं ठामपणे सांगते, कारण मी त्या सीटवर बसलेली आहे. माझा मामा आयुष्यभर कंपनीच्या कामगारांची बस चालवायचा. मला नवीन गाडी मिळाली तेव्हा त्याने एका रविवारी भोसरीच्या मैदानात बोलावलं, बसच्या ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि माझी स्कूटर ढकलत नेऊन डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ उभी केली. मग खालून ओरडला, "सांग गं, तुझी गाडी कुठंय?"

मला गाडी दिसेना. आरशात नाही, खिडकीतून नाही. मान वाकडी करून पाहिलं, तरी नाही. मग मामेभाऊ तिच्यावर बसला, तेव्हा खिडकीच्या कडेला त्याच्या केसांचा शेंडा दिसला. जरा खाली वाकला की तोही गायब. मग मामाने त्याला बसच्या अगदी नाकासमोर उभं केलं. सातवीतला मुलगा, समोर एवढी मोठी काच, आणि तो पूर्ण नाहीसा! मी अक्षरशः सीटवरून उठून पाहिलं तेव्हा कुठे दिसला.

यात जादू काही नाही. आपल्याकडे ड्रायव्हर बसतो उजवीकडे. त्याचे डोळे जमिनीपासून सात-आठ फुटांवर. डावी खिडकी त्याच्यापासून सहा-सात फूट लांब, आणि तिची खालची कड बसलेल्या ड्रायव्हरच्या छातीइतक्या उंचीवर. डोळ्यातून त्या कडेवरून तिरकी रेघ खाली ओढा. बसला खेटून स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या डोक्यालगत ती जाते. त्या रेघेच्या खाली जे काही आहे ते ड्रायव्हरच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. उजवीकडे तो निदान खिडकीतून खाली डोकावू शकतो. डावीकडे त्याला फक्त आरशाचा आधार, आणि तो आरसा मागचं दाखवतो, खालचं नाही. म्हणून डावी पुढची बाजू सगळ्यात वाईट. आणि आपण सगळे दुचाकीवाले नेमके तिथेच घुसतो, कारण फट तिथे असते.

आता ती फट का असते तेही ऐका. मामाने मला त्याच दिवशी बस वळवून दाखवली. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून जात नाहीत, ती आतून कापत जातात. मोठ्या बसच्या आखूड वळणात हा फरक सहज पाच फुटांच्या आसपास जातो, म्हणजे एक स्कूटर जवळपास आडवी मावेल. मागचं चाक फूटपाथवर चढू नये म्हणून ड्रायव्हर आधी उजवीकडे काढतो आणि मग डावीकडे घेतो. आपल्याला वाटतं, बस बाजूला झाली, जागा दिली. अहो, जागा दिली नाही, ती वळायची तयारी आहे! तुम्ही त्या जागेत शिरलात की दर सेकंदाला ती जागा कमी होत जाते आणि शेवटी मागचं चाक येतं. डावा इंडिकेटर लावून उजवीकडे सरकणारी बस किंवा डंपर दिसला, की डावीकडून पुढे जायचंच नाही. थांबायचं. मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकेल, थकू दे.

आत्ताच एकाने मेसेज केला, "म्हणजे चूक त्या मुलीची का?" मी असं म्हटलेलं नाही. बसवाल्यांचे डावे आरसे फुटलेले असतात, काहींचे दोरीने बांधलेले असतात, हे मान्य. डंपरवाल्यांच्या समोरच्या काचेवर हार, झालर, स्टिकर आणि लिंबू-मिरची मिळून निम्मी काच झाकलेली असते, तेही मान्य. आणि डावी लेन पार्किंगने खाल्ल्यावर दुचाकीने जायचं तरी कुठून, हाही प्रश्न खराच आहे. लंडनमध्ये 2021 पासून बारा टनांवरच्या ट्रकला, ड्रायव्हरला सीटवरून थेट किती दिसतं हे मोजून परवाना देतात. इथेही तसं व्हायला हवं. होईल तेव्हा होईल. तोपर्यंत उद्या सकाळी ऑफिसला जायचंय ना तुम्हाला?

तर मामाचा हिशोब सोपा आहे. बसच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या आरशात तुम्ही नाही. चेहरा दिसला म्हणजे तो तुमच्याकडे पाहतोय असं मात्र नाही, एवढं लक्षात ठेवा. सिग्नलला एकतर बसच्या मागेच थांबा, किंवा पुढे जायचंच असेल तर पूर्ण पुढे, चांगलं दहा-बारा फूट, म्हणजे समोरच्या काचेतून पाठ दिसेल. नाकाला चिकटून नाही, माझा मामेभाऊ आठवा. शेजारी उभं राहायचं नाही. गर्दीत अडकलातच शेजारी, तर पुढच्या चाकाजवळ जाण्यापेक्षा मागच्या चाकाच्याही मागे सरका. बसच्या मागे चालताना मधोमध चिकटू नका, तिचे दोन्ही आरसे दिसतील एवढं अंतर ठेवा. ओव्हरटेक उजवीकडून, आणि करायचा तर उरकून टाका. तिच्या कुशीला धरून गप्पा मारत चाललेल्या जोड्या पाहिल्या की माझ्या पोटात गोळा येतो. आणि हॉर्नवर विसंबू नका. मामाच्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच होतं. भाऊ खालून हॉर्न वाजवत होता आणि इंजिन चालू असताना मला धड ऐकूच येत नव्हता. दिवा जास्त कामाचा. एप्रिल 2017 नंतरच्या दुचाकींना दिवसाही हेडलाइट चालू राहतो, त्याला "बॅटरी जाते" म्हणून स्विच बसवून घेणारे महाभाग आमच्या सोसायटीत आहेत. अरे, आरशात आधी तो दिवाच दिसतो रे बाबांनो!

आता आपले आरसे. इथे माझा आवाज पुन्हा चढणार आहे.

स्कूटरच्या आरशात तुम्हाला काय दिसतं? दहापैकी आठ जणांना स्वतःची कोपरं दिसतात. काहींना आभाळ. आरसा गाडी साइड स्टँडवर तिरकी असताना लावायचा नसतो. मेन स्टँडवर घ्या, हेल्मेट घाला, रोज बसता तसे बसा, हात हँडलवर. रस्ता जिथे संपतो ती रेघ आरशाच्या मध्यावर आली पाहिजे. आतल्या कडेला तुमची कोपर किंवा खांदा जेमतेम दिसला पाहिजे, चतुर्थांश भाग फार झाला. मग दांडीच्या बुडातला नट पान्याने आवळा. नुसता हाताने पिळून ठेवलेला आरसा चार खड्ड्यांत फिरतो, आणि सैल असेल तर थरथरून मागची गाडी नुसता डाग दिसते. नाना पेठेतून आणलेले ते चिमुकले फॅन्सी आरसे केसांचा भांग बघायला ठीक आहेत.

फुगीर आरसा जास्त जागा दाखवतो, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटायला लावतो. आरशात "लांब आहे" वाटणारा ट्रक लांब नसतो. आणि आरसा कितीही नीट लावला तरी खांद्याच्या मागे एक पट्टा राहतोच. लेन बदलायच्या आधी हनुवटी खांद्याकडे नेऊन अर्धा सेकंद बघायचं. त्याच अर्ध्या सेकंदात पुढची गाडी ब्रेक मारू शकते, हेही खरंच. म्हणून पुढे अंतर असेल तेव्हाच.

कारवाल्यांनो, हसू नका. तुमच्या बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीचं दार आणि हँडल ठसठशीत दिसत असतं. कशाला? दार पळून जाणार आहे का? डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा बाहेर फिरवत न्या, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. मग दोन सीटच्या मधोमध झुका आणि डावा आरसा तसाच लावा. सरळ बसलात की दोन्हींत आपली गाडी दिसणार नाही. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटतं, माझ्या नवऱ्याने तर दोनदा गुपचूप परत फिरवले. नीट लागलेत का हे असं कळतं: मागून उजवीकडून येणारी गाडी आधी आतल्या आरशात दिसते, तिथून निघायच्या आधी बाजूच्या आरशात येते, आणि तिथून निघायच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यात. मध्ये कुठे हरवली, तर आरसा अजून फिरवा. पार्किंगला भिंतीजवळ लावताना याचा त्रास होतो, ते एक आहे. तेव्हा आरसे लावताना झुकला होतात तसं झुकून बघा.

एवढं लिहून राग जरा उतरला. त्या मुलीला मी दवाखान्यात नेलं, टाके पडले नाहीत. तिची आई आली, रडली, मग तिला रागावली, मग माझ्याशी बोलताना पुन्हा रडली. त्या ड्रायव्हरला मात्र कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मामाला फोन करून सगळं सांगितलं तर म्हणाला, "बरोबर आहे गं, आम्हाला कुणी विचारतच नाही काय दिसतं ते."

रविवारी सकाळी नऊपासून मी आमच्या पार्किंगमध्ये पाना घेऊन उभी राहणार आहे. सोसायटीतल्या ज्यांना आरसे लावून हवेत त्यांनी हेल्मेट घेऊन खाली या, हेल्मेट नसेल तर आरसा लावणार नाही. मामाही येतो म्हणालाय. आणि ज्याच्याकडे मोठी गाडी आहे, शाळेची बस, टेम्पो, काहीही, त्याने ती तासभर दिली तर पोरांना त्या सीटवर बसवायचं आहे. कमेंटमध्ये सांगा. "लेडीज ड्रायव्हर" वगैरे विनोद टाकणाऱ्यांना ब्लॉक करणार आहे, आधीच सांगून ठेवते.