रजेचा दिवस सहाशेला, नोटिशीचा दिवस बाराशेला

वाळूजच्या कंपन्यांत पगारपत्रकं बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे नोकरी सोडलेली ओळखीपाळखीची पोरं 'फुल अँड फायनल'चा कागद घेऊन घरी येतात. परवा आमच्या गल्लीतला एक जण आला. पुरवठादार कंपनीत तीन वर्षं सुपरवायझर होता. म्हणाला, "काका, वीस दिवस काम केलं, बावीस रजा शिल्लक होत्या, आन् हातात १६० रुपये? हे बघा बरं."

बघितलं. त्याचा ग्रॉस ३६,००० आणि बेसिक १८,०००. राजीनामा १६ मे रोजी दिला, २० जूनला सुटला. नोटीस ६० दिवसांची होती, त्यातले ३५ भरले, २५ कमी पडले. पाच वर्षं झाली नव्हती, म्हणून ग्रॅच्युइटीचा प्रश्न नव्हता.

जमेच्या बाजूला जूनच्या २० दिवसांचे २४,००० आणि २२ रजांचे १३,२००, असे एकूण ३७,२००. कपातीत नोटिशीचे ३०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ५,४००, पीएफ १,४४० आणि व्यवसाय कर २००. राहिले १६०. बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. पीएफही बरोबर होता. तो २० दिवसांच्या बेसिकवर, म्हणजे १२,००० वर कापलेला होता. सोडतानाच्या रजेच्या पैशावर पीएफ लागत नाही.

जीएसटीची ओळ मात्र चुकीची. कमी भरलेल्या नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्रमांक १७८/१०/२०२२) स्पष्ट सांगितलं आहे. त्याआधी बऱ्याच कंपन्या ही रक्कम 'सेवा' धरून कर घ्यायच्या. काही ठिकाणी सॉफ्टवेअरमधली ती जुनी ओळ अजून तशीच आहे. पोरानं परिपत्रकाचा क्रमांक घालून मेल टाकला आणि ५,४०० परत आले. वादावादी करावी लागली नाही.

खरी मेख दुसरीकडे आहे आणि तिथं कंपनीला चूक म्हणता येत नाही. रजेचा भाव बघा: बेसिक १८,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ६००. नोटिशीचा भाव: ग्रॉस ३६,००० भागिले ३०, म्हणजे १,२००. त्याचा एक दिवस कंपनी घेते तेव्हा ६०० आणि त्याच्याकडे एक दिवस कमी पडतो तेव्हा १,२००. आमच्या मोंढ्यात व्यापाऱ्यानं घ्यायचं एक माप आणि द्यायचं दुसरं ठेवलं तर लोक काटाच उचलून नेतील. मला हे पटत नाही. दोन्ही एकाच पायावर असावं, मग बेसिक धरा नाहीतर ग्रॉस. पण सुपरवायझर, इंजिनीअर यांच्या बाबतीत बहुतेक वेळा नेमणूकपत्र आणि कंपनीचं रजा-धोरण चालतं, आणि त्याच्या पत्रात नोटिशीपुढे 'ग्रॉस' असं स्वच्छ छापलेलं होतं. तुमच्या पत्रात नुसतं 'वेतन' असेल तर मात्र बेसिकवर धरा म्हणून भांडायला जागा आहे.

आता त्याच कागदावर एकच बदल करून बघू. रजेचे पैसे घ्यायचेच नाहीत, २२ रजा नोटिशीत वळत्या करायच्या. मग कमी पडतात फक्त ३ दिवस, त्याचे ३,६००. पगाराच्या २४,००० मधून ते आणि पीएफ, व्यवसाय कराचे १,६४० वजा केले की हातात १८,७६०. जीएसटी काढल्यावरचा मूळ हिशेब होता ५,५६० चा. फरक सरळ १३,२०० चा, कारण ६०० ला जाणारी रजा १,२०० च्या कामी आली.

ही वळती आपोआप होत नाही, कंपनीची संमती लागते. काही धोरणांत ती साफ नाकारलेली असते, काहींत व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोडलेली असते. याच्या कंपनीत ती मिळायची, पण विचारायला हवं होतं राजीनाम्यासोबत. २० जूननंतर एचआरनं हात वर केले आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही केले असते; हिशेब एकदा बंद झाला की तो उघडायला कुणी धजत नाही.

तेव्हा राजीनाम्याच्या मेलमध्येच एक ओळ घाला: "माझी शिल्लक अर्जित रजा नोटिशीच्या कमी पडणाऱ्या दिवसांत दिवसाला दिवस धरून वळती करावी, मान्य असल्यास लेखी कळवावे." रजेचा आकडा शेवटच्या पगारपावतीवरून घ्या, आठवणीवरून नको. मेल स्वतःच्या खासगी पत्त्यालाही पाठवा, कारण कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद होतो. आणि 'माझी काहीही बाकी नाही' या कागदावर आकडे भरलेले नसतील तर सही करू नका. रिलीव्हिंग लेटर अडवतो म्हणाले तर आकडे भरून घ्या, जी ओळ मान्य नाही तिच्यापुढे 'अमान्य' लिहा आणि मग सही करा.